पहिल्या ओळीत मागणी



उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या नाचणगावातल्या एक खालाजान अर्जाचा कच्चा मसुदा घेऊन घरी आल्या. दीड वर्षापूर्वी पती वारले, आणि जूनमध्ये त्यांनी संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तालुक्याच्या कार्यालयात अर्ज दिला. त्यानंतर वर्ष होत आलं तरी होकार नाही की नकार नाही. दर वेळी खिडकीवर "पुढच्या महिन्यात या" एवढंच ऐकायला मिळतं. कुणीतरी सांगितलं की माहितीच्या अधिकारात विचारा, म्हणून त्यांनी मुलाकडून अडीच पानं लिहून घेतली होती.

सुरुवात अशी होती : "वरील विषयास अनुसरून आपणास नम्र विनंती करण्यात येते की, मी एक गरीब विधवा असून माझे पती हमाली करत होते..." पुढे पतीचा आजार, दवाखान्याचा खर्च, थोरल्या मुलीचं लग्न, घरभाडं, कार्यालयात मारलेल्या चार फेऱ्या, एका बाबूचं उद्धट बोलणं. दुसऱ्या पानाच्या तळाशी "तरी माझा अर्ज का मंजूर झाला नाही ते कळवावे" आणि त्याच वाक्याला जोडून राशनकार्डावर नाव चढवण्याची मागणी.

दोष मुलाचा नाही. आपल्याकडे उर्दू खत लिहायचं तर आधी सलाम, मग खैरियत, मग तम्हीद आणि शेवटी मुद्दआ. नातेवाइकाला लिहिताना ते शोभतं. कार्यालयात मात्र आवक लिपिक विषय आणि पहिल्या दोन ओळी बघून कागद कोणत्या टेबलावर जाणार ते ठरवतो. या मसुद्याच्या पहिल्या दोन ओळी वाचून तो मदतीचा अर्ज वाटला असता किंवा तक्रार. माहिती मागितली आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नसतं.

मी मसुद्यावर पेन्सिल घेतली आणि खालाजानना एकच विचारलं, "तुमच्या हातात कोणता कागद यायला हवा?" त्या म्हणाल्या, "मेरी फाइल कहाँ अटकी, वो दिखाने वाला कागज." झाली पहिली ओळ.

माहिती अधिकार कायदा 2005 चा आहे. त्याच्या कलम 6(2) प्रमाणे माहिती का हवी याचं कारण देण्याची गरज नाही. म्हणजे आजार, लग्न, भाडं, सगळं आपोआप बाहेर. महाराष्ट्राच्या 2012 च्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे 150 शब्दांच्या आत असावा लागतो. म्हणून राशनकार्ड वेगळ्या अर्जात. राहिला "का मंजूर झाला नाही" हा प्रश्न, आणि इथेच बरेच अर्ज अडतात. कायद्याखाली नोंदीत असलेली माहिती मिळते, अधिकाऱ्याकडून नवा खुलासा मागता येत नाही. म्हणून "का" काढून "प्रत" मागायची. उत्तर त्या प्रतीतच असतं.

नवा मजकूर असा झाला :

"संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी मी दि. 12 जून रोजी दिलेल्या अर्जावर (पोच सोबत) आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींच्या प्रती द्याव्यात. त्यात माझ्या अर्जावरील टिपणी, मला पाठवलेले त्रुटीपत्र असल्यास ते, आणि माझा अर्ज समितीच्या ज्या बैठकीत ठेवला तिच्या इतिवृत्तातील संबंधित पान यांचा समावेश असावा. प्रती टपालाने पाठवाव्यात."

बस्स. हे विहित नमुन्यातल्या 'माहितीचा तपशील' या रकान्यात बसलं. वर जन माहिती अधिकाऱ्याचं पदनाम, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प (दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला दाखला जोडल्यास तोही लागत नाही), आणि दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का. उत्तराची मुदत तीस दिवस. ती उलटली तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं, आणि त्यासाठी पोचेवरची तारीखच कामी येते.

खालाजान मात्र थोड्या हिरमुसल्या. "मेरा दुख तो पूरा काट दिया, मास्टरसाहब." मी ती अडीच पानं परत त्यांच्याच हातात दिली. त्या बाबूच्या वागणुकीची तक्रार करायची असेल तर ती वरिष्ठांकडे वेगळी करता येते, आणि तिथे तारखा लागतील, त्या याच पानांत होत्या.

सव्वीसाव्या दिवशी लिफाफा आला. आत त्रुटीपत्राची प्रत होती : उत्पन्नाचा दाखला जोडलेला नाही. ते पत्र मूळ अर्जातल्या जुन्या भाड्याच्या घराच्या पत्त्यावर गेलं होतं, यांच्या हाती कधी पडलंच नाही. माहितीच्या अर्जाने अनुदान मिळत नाही, अडथळा कुठे आहे तेवढं दिसतं. पुढचा अर्ज त्यांनी स्वतः सांगून मुलाकडून लिहून घेतला. त्याची पहिली ओळ : "सोबत उत्पन्नाचा दाखला व नवा पत्ता देत आहे, माझा प्रलंबित अर्ज समितीच्या पुढील बैठकीत ठेवावा."