निविदेत दोन आकडे? दर भरण्याआधी असा विचारा प्रश्न

उल्हासनगर महापालिका असो वा अंबरनाथ-बदलापूरच्या नगरपालिका, ई-निविदा mahatenders.gov.in वर निघतात. समजा, अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका लघुउद्योजकाने पाण्याच्या पंपांची निविदा डाउनलोड केली. तांत्रिक अटींत पाणी चढवण्याची उंची, म्हणजे ‘हेड’, ४० मीटर आहे, दरपत्रकात ४५. प्रवाह तोच असला तरी शक्ती साडेबारा टक्के जास्त लागते, म्हणजे मोटार बदलू शकते आणि दरही.

‘४० मीटर धरून दर दिला’ अशी ओळ निविदेत टाकली, की ती सशर्त ठरून बाद होऊ शकते. म्हणून निविदापूर्व बैठकीआधी, दिलेल्या मुदतीत लेखी विचारायचे: ‘पान ३४, कलम ६.२ मध्ये हेड ४० मीटर. पान ६१, बाब ३ मध्ये ४५ मीटर. कोणते ग्राह्य?’ बस, एवढेच. ‘अटी स्पष्ट कराव्यात’ असे मोघम लिहिले, तर ‘निविदेप्रमाणे’ एवढेच उत्तर येते. आपला दर किंवा मोटारीची कंपनी प्रश्नात लिहू नका. उत्तरे सगळ्याच स्पर्धकांना दिसतात.

बैठकीत साहेब तोंडी ‘४५ धरा’ म्हणाले, तरी त्यावर विसंबू नका. पोर्टलवर शुद्धिपत्रक किंवा ‘कॉमन सेट ऑफ डेव्हिएशन्स’ चढले, तरच तो बदल कराराचा भाग होतो. ते डाउनलोड करून, सही करून निविदेसोबत जोडा.