समजून घ्या : ‘अंक’ आणि ‘अंश’मध्ये टिंब एकच, मग उच्चार दोन का?

‘अंक’ आणि ‘अंश’ हे दोन शब्द लागोपाठ मोठ्याने म्हणून पाहावेत. दोन्हींत ‘अ’च्या डोक्यावर तेच टिंब आहे. पण ‘अंक’मध्ये ते टिंब ‘ङ्’सारखे वाजते आणि ‘अंश’मध्ये नाकातून निघणाऱ्या ‘व्’सारखे, जवळपास ‘अंव्श’ असे. ‘संप’ म्हणताना ओठ मिटतात, ‘संशय’ म्हणताना मिटत नाहीत. मराठी माणूस हा फरक विचार न करता पाळतो. प्रश्न तो समजावून सांगायचा असतो तेव्हा येतो, कारण व्याकरणाच्या पुस्तकांत त्यासाठी फक्त एक यादी मिळते.

ती यादी अशी : य, र, ल, व, श, ष, स, ह. मराठी साहित्य महामंडळाच्या आणि राज्य शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांत या आठ अक्षरांपूर्वीच्या अनुस्वारासाठी स्वतंत्र नियम आहे. इथे फक्त शीर्षबिंदू द्यायचा. उच्चार ‘सिंव्ह’ किंवा ‘संय्यम’ असा होत असला तरी लिहायचे ‘सिंह’ आणि ‘संयम’. इतर ठिकाणी मात्र ‘अंक’ऐवजी ‘अङ्क’ किंवा ‘संत’ऐवजी ‘सन्त’ असे लिहिता येते. विद्यार्थी ही आठ अक्षरे पाठ करतात. हीच आठ का, हे बहुतेकांना कुणी सांगत नाही. ते सांगायला हवे, कारण उत्तर एका वाक्याचे आहे.

तीन गुण, तीन चाचण्या

भाषाविज्ञानात प्रत्येक ध्वनी हा गुणांचा एक जुडगा मानला जातो. प्रत्येक गुणाला उत्तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ असेच असते. रोमान याकोब्सन, मॉरिस हॅले आणि स्वीडिश विद्युत अभियंता गुन्नार फांत यांनी १९५२ मध्ये ही पद्धत सविस्तर मांडली. पुढे नोम चॉम्स्की आणि हॅले यांच्या १९६८ च्या ग्रंथाने तिला आज ओळखीचे असलेले रूप दिले. या गुणांना भेदक लक्षणे म्हणतात. इथे त्यातली तीन पुरेशी आहेत.

पहिले लक्षण घोष. गळ्यावर बोटे ठेवून ‘स्स्स्’ म्हणावे, काही जाणवत नाही. ‘म्म्म्’ म्हणावे, कंप जाणवतो. ग, द, ब, य, म आणि सगळे स्वर घोष आहेत. क, त, प, श, स अघोष आहेत.

दुसरे लक्षण नासिक्य. नाक चिमटीत धरून ‘म्’ लांबवायचा प्रयत्न केला तर तो लगेच अडतो, कारण त्याची हवा नाकावाटे जाते. ‘स्’ला मात्र नाक बंद केल्याने काही फरक पडत नाही.

तिसरे लक्षण इथे सर्वांत महत्त्वाचे आहे. इंग्रजीत त्याला ‘कंटिन्यूअंट’ म्हणतात. मराठीत ‘प्रवाही’ म्हणता येईल. उच्चार करताना तोंडातली वाट पूर्ण बंद होते की नाही, एवढाच प्रश्न. ‘प्’साठी ओठ मिटतात, ‘त्’साठी जीभ दातांना टेकून वाट अडवते. हे ध्वनी प्रवाही नाहीत. ‘स्’, ‘श्’, ‘य्’, ‘व्’ म्हणताना तोंडातून हवा वाहत राहते. हे प्रवाही.

इथे एक फसगत होते. ‘म्’ कितीही लांबवता येतो, मग तो प्रवाही नाही का? नाही. ‘म्’ म्हणताना ओठ पूर्ण मिटलेले असतात. हवा वाहते ती नाकातून. प्रवाहीपणा तोंडातल्या वाटेवरून ठरतो. म्हणून ङ, ञ, ण, न, म हे पाचही अप्रवाही आहेत, आणि त्यांची जागा प, त, क यांच्या बाजूला आहे.

आठ अक्षरांचे कोडे

आता टिंबाकडे परत येऊ. अनुस्वार म्हणजे नाकातून हवा सोडण्याची सूचना. पण नासिक्य व्यंजन तयार व्हायचे तर तोंडात कुठेतरी वाट अडवावी लागते. ती कुठे अडवायची, हे टिंब स्वतः सांगत नाही. ती जागा पुढच्या व्यंजनाकडून उसनी घेतली जाते. ‘अंक’मध्ये ‘क’ जिथे अडतो तिथे अडवले की ‘ङ्’ मिळतो. ‘पंच’मध्ये ‘ञ्’, ‘कंठ’मध्ये ‘ण्’, ‘संत’मध्ये ‘न्’, ‘संप’मध्ये ‘म्’.

पुढचा ध्वनी प्रवाही असेल, तर त्याच्याकडे पूर्ण अडथळाच नसतो. उसने घ्यायला काही नाही. मग नाक उघडे राहते, तोंडही उघडे राहते, आणि नाकातला ‘व्’ किंवा ‘य्’ तयार होतो : संव्शय, सिंव्ह, संय्यम. आठ अक्षरांचे कोडे इथेच सुटते. क पासून म पर्यंतची पंचवीस व्यंजने अप्रवाही आहेत आणि ही आठ प्रवाही. नियम एवढाच : पुढे अप्रवाही ध्वनी असेल तर टिंबाला त्याची जागा मिळते, नाहीतर मिळत नाही.

अशा गटाला नैसर्गिक वर्ग म्हणतात. गटातल्या एकेका ध्वनीची ओळख पटवायला जितकी लक्षणे लागतात, त्याहून कमी लक्षणांत अख्खा गट सांगता आला तर तो वर्ग नैसर्गिक. एकट्या ‘द’ची ओळख पटवायची तर घोष, अल्पप्राण, अनासिक्य, अप्रवाही, शिवाय दातांची जागा असे सगळे सांगावे लागते. पंचवीस व्यंजनांसाठी मात्र ‘व्यंजन, अप्रवाही’ एवढे पुरते. उलट ‘प, ण, स’ असा गट केला तर त्या तिघांना धरणारे आणि बाकीच्यांना वगळणारे एकही लक्षण सापडत नाही. नावेच घ्यावी लागतात.

या वर्गात घोष हे लक्षण कुठेही लागले नाही, हेही पाहण्यासारखे आहे. ‘क’ अघोष, ‘ग’ घोष. पण ‘अंक’ आणि ‘अंग’ दोन्हींत ‘ङ्’च. ‘श’ अघोष, ‘य’ घोष. दोन्हींपूर्वी तोंड उघडेच.

यादी थांबते, वर्ग चालतो

यादी आणि वर्ग यांतला फरक कळतो तो यादीबाहेरच्या उदाहरणांत. ‘संक्षेप’ घ्या. ‘क्ष’ शेजारच्या ‘श’, ‘ष’सारखा वाटतो, पण त्याचा पहिला ध्वनी ‘क्’ आहे, म्हणजे अप्रवाही. टिंब ‘ङ्’ होते : सङ्क्षेप. ‘संस्था’त पुढचा ध्वनी ‘स्’ आहे, म्हणून ‘संव्स्था’. ‘संमेलन’मध्ये पुढे ‘म’ आहे. तो अप्रवाही ठरला होता, त्यामुळे टिंब ‘म्’ व्हायला हवे, आणि उच्चार ‘सम्मेलन’ असाच होतो.

खरी परीक्षा इंग्रजीतून आलेल्या शब्दांची. मराठीत ‘कंपनी’, ‘इंटरनेट’, ‘काउंटर’ हे शब्द टिंब देऊन बिनघोर लिहिले जातात. पण ‘पेन्शन’, ‘लायसन्स’, ‘कॅन्सर’, ‘सेन्सेक्स’, ‘इन्स्पेक्टर’ यांत मात्र ‘न्’ लिहिला जातो. पहिल्या गटात पुढचा ध्वनी अप्रवाही आहे, म्हणून टिंब आपोआप योग्य वाचले जाते. दुसऱ्या गटात पुढे ‘श’ किंवा ‘स’ आहे. टिंब दिले तर मराठी वाचक ‘पेंव्शन’ वाचेल. तोच शब्द हिंदीत ‘पेंशन’ असा लिहितात, कारण हिंदी भाषक ‘संसार’सुद्धा ‘सन्सार’ असाच उच्चारतात. हिंदीतला मजकूर घाईत मराठीत आणताना ‘पेंशन’ आणि ‘कैंसर’ची टिंबे तशीच राहतात, ती याच कारणाने खटकतात.

‘सत्’ला हवे दुसरे लक्षण

कोणते लक्षण कामाचे हे नियमागणिक बदलते. ‘सत्’ शब्द जोडताना सदाचार, सद्गुण, सद्वर्तन होते. पण सत्कार, सत्पुरुष, सत्संग यांत ‘त्’ तसाच राहतो. ‘आ’, ‘ग’ आणि ‘व’ यांत समान काय? एक स्वर, एक अप्रवाही, एक प्रवाही. तिघांत समान आहे तो फक्त घोष. ‘व’ आणि ‘स’ दोन्ही प्रवाही असूनही वेगळे वागतात, म्हणजे इथे प्रवाहीपणाला महत्त्व नाही. पुढे नासिक्य आले की ‘त्’ स्वतः नासिक्य होतो : सन्मार्ग, जगन्नाथ. शाळेत याच संधी ‘तृतीय व्यंजन’ आणि ‘अनुनासिक’ अशा नावांनी, अक्षरांच्या याद्यांसह शिकवल्या जातात.

मर्यादा कुठे?

लक्षणे सगळे ठरवतात असे नाही. ‘पेन्शन’ आपण म्हणू शकतो, म्हणजे ‘श्’पूर्वी ‘न्’ अशक्य नाही. वर्ग उच्चाराच्या घडणीतून येतो. तो वापरायचा की नाही, हे भाषा ठरवते. मराठीने टिंबासाठी ही रेषा पाळली, हिंदीने पाळली नाही. शिवाय काही ध्वनी सीमेवर आहेत. ‘ल’ म्हणताना जिभेचे टोक टेकते, पण बाजूंनी हवा वाहते. मराठीतल्या ‘संलग्न’मध्ये तो प्रवाही गटात बसतो, स्पॅनिशमध्ये ‘द’चा कडक उच्चार ‘न’ आणि ‘ल’ या दोघांनंतर टिकतो, म्हणजे तिथे तो दुसऱ्या बाजूला झुकतो. ‘ल’ कुठे ठेवायचा यावर अभ्यासकांत एकमत नाही.

तरीही पाठ्यपुस्तकात बदल करायला एवढ्याने अडत नाही. गंमत म्हणजे त्यासाठी नवी परिभाषाही लागत नाही. क ते म या पंचवीस व्यंजनांना आपल्या परंपरेत ‘स्पर्श’ म्हणतात. पाच अनुनासिके त्यातच धरली आहेत. स्पर्श म्हणजे जिथे तोंडातले अवयव एकमेकांना टेकून वाट बंद करतात ते, म्हणजेच अप्रवाही. उरलेली अंतस्थ आणि ऊष्म व्यंजने म्हणजे ती आठ अक्षरे. ही नावे पुस्तकात एका प्रकरणात येतात आणि टिंबाचा नियम दुसऱ्या प्रकरणात. दोघांची गाठ घालून दिली जात नाही.

ती घालायला एक वाक्य पुरेल : ‘पुढे स्पर्श व्यंजन असेल तर अनुस्वाराचा उच्चार त्याच्या वर्गातल्या अनुनासिकासारखा होतो, एरवी तोंड बंद होत नाही.’ आठ अक्षरांची यादी त्याखाली पडताळ्यासाठी राहू द्यावी. मग ‘संक्षेप’ला अडखळलेला विद्यार्थी यादीत ‘क्ष’ शोधणार नाही. तो उच्चार करून पाहील आणि जीभ कुठे अडते ते तपासेल.