चला प्रवासाला : सियालदहचा मुक्काम, तीन दिवसांची वाटणी

१७४२ मध्ये मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने इंग्रजांनी कलकत्त्याभोवती खंदक खोदावयास घेतला. तो पुढे बुजविण्यात आला व त्यावरून रस्ता झाला. आज तोच रस्ता सियालदह स्थानकाजवळून जातो. महाराष्ट्रातील अनेक गाड्या मात्र हावड्यास थांबतात. तेथून सियालदहला ऑगस्ट २०२५ पासून भुयारी रेल्वेने, नदीखालून, थेट येता येते.

अशाच मुक्कामी उतरणारे एक कुटुंब घेऊ. त्यांच्या यादीत स्थळे कीर्तीच्या क्रमाने आहेत : व्हिक्टोरिया स्मारक, दक्षिणेश्वर, कालीघाट, बेलूर मठ, संग्रहालय, जोडासांको, राष्ट्रीय ग्रंथालय. या क्रमाने गेल्यास मध्यावरून उत्तरेस, तेथून दक्षिणेच्या टोकास व पुन्हा उत्तरेस, अशी फरफट होईल. म्हणून नकाशावर प्रथम हुगळी नदी रेखावी, मग प्रत्येक स्थळी ठिपका द्यावा. ठिपक्यांचे उत्तर, मध्य व दक्षिण असे तीन पुंजके सहज दिसतात.

पहिला दिवस उत्तरेचा. सियालदहहून डानकुनीकडे जाणारी लोकल दक्षिणेश्वरला थांबते. बेलूर पैलतीरी असल्याने नकाशावर तुटक भासते. परंतु दक्षिणेश्वरहून तेथे नावेने जाता येते. खरी अडचण अंतराची नसून वेळेची आहे. बेलूर मठ साडेअकराच्या सुमारास बंद होतो व दुपारनंतर उघडतो; दक्षिणेश्वरचे मंदिरही दुपारी बंद असते. तेव्हा पहाटेच निघून दोन्ही दर्शने सकाळीच उरकावीत. मग दक्षिणेश्वरला परतून भुयारी रेल्वेने गिरीश पार्कला उतरावे. रवींद्रनाथांचे जोडासांको येथील घर तेथून जवळच आहे. दुपार तेथे घालवून कॉलेज स्ट्रीटवरील पुस्तकांची दुकाने पाहत सायंकाळी मुक्कामी यावे.

दुसरा दिवस मध्याचा. सियालदहच्या पुढचेच स्थानक एस्प्लनेड. १८१४ मध्ये स्थापन झालेले संग्रहालय सकाळी पाहावे आणि मैदानाच्या कडेने व्हिक्टोरिया स्मारकाकडे जावे.

तिसऱ्या दिवशी सकाळी कालीघाट, नंतर अलीपूरचे राष्ट्रीय ग्रंथालय व प्राणिसंग्रहालय.

आता वार पाहावेत. सोमवारी संग्रहालय, व्हिक्टोरिया स्मारकातील दालने व जोडासांको बंद असतात, प्राणिसंग्रहालय गुरुवारी. आपले कुटुंब शनिवारी पोहोचून रविवारपासून फिरणार असेल, तर मधला सोमवार दक्षिणेस द्यावा व संग्रहालय मंगळवारी ठेवावे. पुंजके तेच राहतात, केवळ त्यांचा क्रम बदलतो.

एक चकवा टाळावा. शिवपूरचे वनस्पती-उद्यानही पैलतीरीच आहे, म्हणून ते बेलूरला जोडण्याचा मोह होतो. पण बेलूर हावड्याच्या उत्तरेस, तर शिवपूर दक्षिणेस. तेथील विशाल वटवृक्ष पाहावयाचा असल्यास चौथा दिवसच हाती ठेवावा.