अब्बांचं घड्याळ आणि दोन इवल्या पिना

गेल्या रमजानमध्ये वजूसाठी हात वर केला आणि अब्बांचं एचएमटी जनता घड्याळ फरशीवर पडलं. पट्टा मनगटावरच, घड्याळ मात्र खाली! चामड्याचा तो पट्टा मी चारच महिन्यांपूर्वी नवा घातला होता. पण दुकानदाराने पट्टा बदलताना जुन्याच पिना ठेवल्या होत्या, आणि मीही विचारलं नाही. घाम आणि पाण्याने त्यांतली एक आतून गंजून गेली होती. तिचं टोक भोकातून निसटलं आणि काम संपलं. नशीब, घड्याळ बाजूच्या पायपुसण्यावर आपटलं. 2016 साली केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. आता आतला काही भाग तुटला तर तो शोधत फिरावं लागतं.

ही पिन म्हणजे बारीक नळी, आत स्प्रिंग, दोन्ही टोकांना आत दबणारे खिळे. घड्याळाच्या चार पायांमध्ये ती दोन बाजूंना अडकते आणि पट्टा तिच्यावर लोंबतो. दोन तुकड्यांच्या पट्ट्यात एक पिन गेली की घड्याळ गेलंच. म्हणून मी या वेळी नायलॉनचा अखंड पट्टा घेतला. तो दोन्ही पिनांवरून घड्याळाच्या पाठीमागून जातो. एक पिन निसटली तरी घड्याळ दुसरीवर लटकून राहतं. शिवाय ओला झाला तरी लवकर वाळतो.

आधी माप. शाळेच्या पट्टीने घड्याळाच्या दोन पायांमधलं आतलं अंतर मोजा. माझ्या घड्याळाचं 18 मिलिमीटर निघालं, म्हणून पिनाही 18 च्या आणि पट्टाही 18 चा. जुना पट्टा बकलाकडे मोजू नका, तिथे तो निमुळता असतो. पिन आखूड असेल तर भोकात पुरती शिरत नाही आणि हमखास निसटते.

परातीत सोलापुरी टॉवेल अंथरला, त्यावर घड्याळ उपडं ठेवलं, पायांच्या आतल्या बाजूला कागदी चिकटपट्टी लावली, म्हणजे ओरखडे पडत नाहीत. मग सगळं एका पारदर्शक प्लास्टिक पिशवीत घालून हात आत घातले. हे हसण्यासारखं वाटेल, पण स्प्रिंग सुटली की पिन थेट डोळ्याकडेही उडू शकते. चष्मा असेल तर लावाच, आणि लहान मुलांना जवळ बसवू नका.

पिन काढायला घड्याळवाल्याकडे मिळणारं दुफाळी टोकाचं छोटं अवजार सगळ्यांत बरं. ते नसेल तर चष्म्याच्या स्क्रूड्रायव्हरचं बारीक टोक चालतं. टोक पट्टा आणि पाय यांच्यामध्ये सरकवून पिनेच्या कडेला टेकवा आणि कडा घड्याळाच्या मध्याकडे सारा. वर उचकटू नका, त्याने पाय वाकतो. माझी एक पिन हललीच नाही. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब टाकून रात्रभर ठेवलं, सकाळी ती निघाली. तरीही निघाली नसती तर मी थांबले असते, आणि तुम्हीही घड्याळवाल्याकडेच जा. पिनेऐवजी स्क्रू असेल किंवा कडी पक्की जोडलेली असेल तर घरी हात लावू नये.

नवी पिन बसवताना एक टोक भोकात घाला, दुसरं दाबत सरकवा. ‘टिक’ असा आवाज आला तरी त्यावर विश्वास ठेवू नका. पिन बोटाने फिरवून पाहा, मग काडीने बाहेर ओढून पाहा, दोन्ही बाजूंनी. आत एक टोक अडकलं आणि दुसरं कडेवर टेकून राहिलं, हीच नेहमीची चूक; तसं झालं तर हलका झटका दिला की पिन बाहेर येते.

आता पट्टा. बकल बाराच्या बाजूला ठेवा. मोकळं टोक बाराच्या पिनेवरून येऊन पिन आणि घड्याळ यांच्या फटीतून खाली, पाठीवरून सहाच्या बाजूला, तिथल्या फटीतून वर आणि पिनेवरून बाहेर. पट्ट्याच्या खालच्या आखूड जिभेला कडी असते. ती जीभ घड्याळाखाली राहील, आणि सहाच्या बाजूने बाहेर आलेलं मोकळं टोक त्या कडीतून ओवून कडी घड्याळाला भिडेपर्यंत ओढा. मग घड्याळ इकडेतिकडे सरकत नाही.

जुन्या घड्याळात पिन आणि घड्याळ यांच्यातली फट अरुंद असते. माझा पहिला पट्टा जाड होता, तो रेटून बसवला तर पिन बाहेर वाकलेली दिसली. तो परत केला, पातळ घेतला. पट्टा बोटाने ओढून सहज सरकला पाहिजे.

उन्हाळ्यात दर आठवड्याला पट्टा काढून साबणाच्या पाण्यात धुते, सावलीत वाळवते. पिना काढाव्या लागत नाहीत, पण तेवढ्या वेळात त्या उघड्या असतात, म्हणून गंज दिसतो का ते पाहते. तांबूस डाग दिसला की जोडी बदलायची, एक नाही.