सोलर की गिझर? उरणमधल्या चौघांच्या कुटुंबाचा दहा वर्षांचा हिशेब

सोलर वॉटर हीटर विकायला आलेला माणूस एक आकडा हमखास सांगतो: शंभर लिटरचा संच वर्षाला दीड हजार युनिट वीज वाचवतो. आकडा त्याच्या मनचा नाही. केंद्राच्या अक्षय ऊर्जा मंत्रालयाच्या माहितीपत्रकांतही तो असायचा. पण तो उरणला जसाच्या तसा लागू होतो का, हे बघायला फार मोठं गणित लागत नाही. बादली आणि थर्मामीटर पुरे.

समजा, नागाव-केगाव बाजूचं एकमजली घर आहे. आई-बाबा, दोन मुलं. सगळे बादलीने अंघोळ करतात. चार बादल्या आणि वर थोडं भांड्यांसाठी, असं रोज शंभर लिटर कोमट पाणी लागतं. अंघोळीचं पाणी साधारण ४० अंशांचं असतं. टाकीतलं पाणी उरणसारख्या किनाऱ्यावर वर्षाची सरासरी काढली तर २६ अंशांच्या आसपास धरता येईल. म्हणजे शंभर लिटर पाणी फक्त १४ अंशांनी तापवायचं आहे. एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी उष्णता मिळते. आपल्याला १४०० हव्यात, म्हणजे साधारण १.६ युनिट. गिझरची टाकी गार होण्यात आणि पाइपात वाया जाणारी उष्णता धरून रोज दोन युनिट म्हणू.

एप्रिल-मे मध्ये उरणला गरम पाण्याने अंघोळ कोण करतं? ते दोन महिने वगळले की वर्षाचे ३०० दिवस, आणि ६०० युनिट. दीड हजार नव्हे. गिझरने वाचवण्यासारखी वीजच मुळात कमी वापरली, तर सोलर वाचवणार कुठून?

युनिटचा भाव कोणता धरायचा?

सगळी गोम इथे आहे. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांनी वाढतं. वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरून पहिल्या शंभर युनिटांतलं एक युनिट सध्या सात रुपयांच्या आसपास पडतं, तर १०१ ते ३०० च्या टप्प्यातलं साधारण १३ रुपयांना. पंखे, फ्रिज, टीव्ही यांनी शंभरचा टप्पा आधीच ओलांडला असेल, तर गिझरचं प्रत्येक युनिट १३ रुपयांचं. बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट असा सरासरी दर काढू नका. त्यात गिझर आहे त्यापेक्षा स्वस्त दिसतो.

आपलं घर महिन्याला दीड-दोनशे युनिट वापरतं असं धरू. गिझरची वीज वर्षाला ७,८०० रुपये, दहा वर्षांत ७८ हजार. पंधरा लिटरचा गिझर आठ हजारांचा. इथल्या पाण्यात तो सहा-सात वर्षांनी गळायला लागेल असं धरून दुसरा गिझर आणि मधल्या दुरुस्त्या मिळून आणखी दहा हजार. एकूण ९६ हजार. वस्तूंच्या किमती ढोबळ आहेत, तुमच्या कोटेशनप्रमाणे बदला.

सोलरची बाजू

दीडशे लिटरचा काचनळ्यांचा संच, गच्चीपासून न्हाणीघरापर्यंत गरम पाण्याचा पाइप आणि बसवण्याचा खर्च मिळून ३८ हजार धरू. शिवाय पावसाळ्यासाठी छोटा गिझर ठेवावाच लागतो, त्याचे आठ हजार. कोकण किनाऱ्यावर सोलरचं वेळापत्रक उलटं आहे. सगळ्यात कडक पाणी मे महिन्यात मिळतं, जेव्हा ते नको असतं. जुलैत सलग आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा मुलांना शाळेत पाठवताना गरम पाणी हवंच. वर्षातले ७५ दिवस गिझर लावावा लागेल असं धरलं तर १५० युनिट, म्हणजे दहा वर्षांत साडेएकोणीस हजार. नळ्या, गॅस्केट, क्षार काढणं यासाठी बारा हजार ठेवू. एकूण साडेसत्त्याहत्तर हजार.

म्हणजे सोलर साडेअठरा हजारांनी स्वस्त. जादा गुंतवलेले ३८ हजार सातव्या वर्षी वसूल होतात. मात्र हेच पैसे बँकेत ठेवले असते तर व्याज मिळालं असतं. ते मोजलं की फरक जवळपास पुसला जातो. विजेचे दर वाढले तर पारडं पुन्हा सोलरकडे झुकेल.

ज्या घराचं बिल गिझरसकट शंभर युनिटांच्या आत राहतं, त्याला सोलर दहा वर्षांत परवडत नाही. उलट घरात शॉवर असेल, म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ असेल आणि बाराही महिने दोनशे लिटर लागत असतील, तर वर्षाची वीज चौदाशे युनिटांवर जाते. विक्रेत्याचा दीड हजाराचा आकडा अशा घराचा आहे. तिथे चार वर्षांच्या आत पैसे सुटतात.

हिशेब बिघडतो कुठे

पहिली चूक पावसाळ्यातल्या हीटरची. बरेच जण सोलरच्या टाकीतच विजेची कॉइल बसवून घेतात. ती चालू केली की दीडशे लिटर पाणी तापतं, चौघांना तेवढं लागो न लागो. २६ वरून ५० अंशांवर न्यायला चार युनिटांहून जास्त वीज जाते. न्हाणीघरातला छोटा गिझर तेच काम दोन युनिटांत करतो. कॉइल रात्रभर चालू राहिली तर कोणाच्या लक्षातही येत नाही, ती गच्चीवर असते. वर्षाची बचत अशा एका पावसाळ्यात निम्म्यावर येऊ शकते.

दुसरी गोष्ट पाणी. रानसई धरणाचं नळाचं पाणी असेल तर फार चिंता नाही. किनाऱ्यालगतच्या बोअरवेलचं पाणी मचूळ असतं, आणि त्यातलं क्लोराइड स्टेनलेस स्टीललाही बारीक भोकं पाडतं. टाकीच्या सांध्यावर तपकिरी ओघळ दिसला की समजावं. बोअरचंच पाणी वापरायचं असेल तर आतून मुलामा दिलेली, अ‍ॅनोड रॉड असलेली टाकी मागा आणि तो रॉड दर वर्षी तपासा. तांब्याच्या बारीक नळ्यांचा सपाट कलेक्टर अशा पाण्यात क्षारांनी तुंबतो, म्हणून इथे काचनळ्या बऱ्या. ऊन असूनही पाणी कोमट येत असेल तर प्रत्येक नळीचं टोक पाहा. तिथला आरशासारखा चंदेरी डाग पांढरा पडला असेल, तर नळीतली निर्वात पोकळी गेली. तेवढी नळी बदलली की काम होतं, अख्खा संच बदलायची गरज नसते.

खाऱ्या वाऱ्याने स्टँडचे बोल्ट आधी गंजतात. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ पाहिलेल्यांना स्टँड स्लॅबला का जखडायचा हे सांगायला नको.

आणखी एक. पीएम सूर्यघर योजनेतलं अनुदान छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनलना आहे, पाणी तापवणाऱ्या संचाला नाही. एक किलोवॅटला ३० हजार रुपये मिळतात आणि तेवढं पॅनल वर्षाला हजार-बाराशे युनिट तरी देतं. त्यात आपल्या घराच्या गिझरची ६०० युनिटं सहज बसतात, तीही मे महिन्यातली वीज वाया न घालवता. गच्ची एकच असेल आणि पॅनल बसवायचा विचार असेल, तर सोलर हीटरचं कोटेशन घेण्याआधी पॅनलचं घ्या.