अवतार नको, काळू नको : एका फ्रेंच चित्रपुस्तकाची मराठी

लहान मुलांच्या पुस्तकात जात कुठून आणता, असं आम्हाला नेहमी विचारलं जातं. आमचं उत्तर सरळ आहे. आम्ही आणत नाही, ती आधीच शब्दांत बसलेली असते. तीन वर्षांच्या पोराच्या पुस्तकात ती कशी शिरते, हे आम्ही एका पुस्तकावरून दाखवतो.

पुस्तक आहे 'बार्बापापा'. आनेत तिझों आणि टॅलस टेलर या जोडप्यानं ते केलं आणि 1970 मध्ये पॅरिसच्या 'एकोल दे ल्वाझीर'नं ते काढलं. फ्रांस्वा नावाच्या मुलाच्या बागेत जमिनीतून एक गुलाबी, गोलमटोल प्राणी उगवतो. तो फार मोठा आहे म्हणून त्याला घरात ठेवत नाहीत, प्राणिसंग्रहालयात पाठवतात. तिथंही त्याला जागा नाही, शहरातही नाही. मग एका इमारतीला आग लागते. हा स्वतःचा आकार बदलून जिना होतो, माणसं उतरवतो, आणि तेव्हा कुठे सगळ्यांना तो हवासा वाटतो. घराबाहेर काढलेल्याची ही गोष्ट आपल्या पोरांना समजावून सांगावी लागत नाही. अभ्यासिकेतल्या पोरांना ती मराठीत वाचून दाखवायची म्हणून आम्ही बसलो, आणि पहिल्या शब्दालाच अडलो.

फ्रेंचमध्ये 'बार्ब आ पापा' म्हणजे बाबांची दाढी. जत्रेत काडीवर मिळणाऱ्या साखरेच्या कापसाला तिकडे तेच म्हणतात. आपल्या जत्रेत त्याच कापसाला म्हातारीचे केस म्हणतात. तिकडे दाढी, इकडे केस. तिकडे बाप, इकडे म्हातारी. कोटी जवळजवळ आयती हातात येते, पण ती वापरली की नायकाची म्हातारी होते. म्हणून नाव 'बार्बापापा'च ठेवावं. मराठीत पापा म्हणजे बाप आणि पापा म्हणजे मुकासुद्धा. फ्रेंचमध्ये नसलेली ही गंमत आपल्याला फुकट मिळते. दाढीची कोटी गेली, मुक्याची आली. कोटीचं भाषांतर असंच होतं, एका जागी सोडायचं आणि दुसऱ्या जागी कमवायचं. खाली तळटीप घालून कोटी समजावली, तर ती तिथंच मेली.

आता खरी अडचण. बार्बापापा आकार बदलतो. मराठीत याला तयार शब्द कोणता? 'अवतार घेतला', 'रूप धारण केलं'. हात आपोआप तिकडे जातो, आणि कोणी हरकतही घेणार नाही. पण या शब्दांसोबत विष्णू येतो, पुराण येतं, वरून खाली उतरलेला देव येतो. बार्बापापा वरून उतरलेला नाही, तो मातीतून वर आलेला आहे. फ्रेंचमध्ये त्याच्या करामतीला 'बार्बात्र्युक' म्हणतात, आणि 'त्र्युक' म्हणजे साधी युक्ती, हिकमत. तिथं देव नाही, चमत्काराचा टेंभा नाही. बाबासाहेबांनी 1956 मध्ये नागपुरात दिलेल्या 22 प्रतिज्ञांत अवतारकल्पना नाकारली आहे. ती आमच्या पोरांच्या पहिल्या पुस्तकातून मागच्या दारानं परत का यावी? 'बार्बायुक्ती' म्हणा. तीच अचूक आहे, आणि पोरं ती ओरडूनही म्हणतात.

पुढच्या पुस्तकांत बार्बापापाला सात मुलं होतात. त्यातला एक काळा, अंगभर केसाळ, आणि चित्रकार. फ्रेंचमध्ये त्याचं नाव बार्बूय. 'बार्बुये' म्हणजे रंग फासणं, बरबटणं. पुन्हा वाचा : बार्बुये, बरबटणं. आवाज तोच, अर्थ तोच. अशी जुळणी भाषांतर करणाऱ्याला क्वचितच मिळते. 'बरबट्या' हे नाव समोर तयार होतं.

आम्ही ते नाकारलं. मराठीत बरबटणं रंगानं होतं तसं चिखलानं आणि घाणीनंही होतं. सात भावंडांत एकटा काळा, आणि त्याचंच नाव बरबट्या. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या सावळ्या पोराला हे नाव चिकटेल, आणि ज्याच्या बापाच्या हातात झाडू आहे त्याला ते दुप्पट लागेल. दुसरा सोपा मार्ग म्हणजे 'काळू', तो याहून वाईट. आपण नाशिकचे आहोत. इथं काळ्या दगडाच्या रामाला काळाराम म्हणून हात जोडतात, आणि त्याच्या दारात जाण्यासाठी 2 मार्च 1930 पासून आपल्या माणसांना सत्याग्रह करावा लागला. काळा रंग देवळात पूज्य आणि पोराच्या अंगावर टोपणनाव, हा हिशोब आम्हाला मान्य नाही.

मग आम्ही नाव 'बार्बारंग' ठेवलं आणि बरबटणं क्रियापदात नेलं : बार्बारंगनं भिंत रंगानं बरबटून टाकली. कोटीचा आवाज राहिला. फरक एवढाच की आता बरबटलेली आहे ती भिंत, आणि तो आहे कर्ता. इंग्रजीवाल्यांनीही या मुलांची नावं बदललीच आहेत, त्यांच्याकडे बार्बूयचा 'बार्बाबो' झाला. त्यामुळे 'मूळ नाव बदलायचं नसतं' ही सबब चालणार नाही. छापील आवृत्तीत हक्कदाराची परवानगी लागते, तेव्हा बदल का हवा हे असंच कारण देऊन मागावं.

राहिले आवाज. पाण्यात काही पडलं की फ्रेंच पुस्तक 'प्लूफ' म्हणतं, खडा असो की हत्ती. मराठीला वजन कळतं. थेंब टपकन पडतो, चिखलाचा गोळा थपकन, माणूस धपकन. ट, थ, ध करत आवाज जड होत जातो. असे महाप्राण फ्रेंचमध्ये नाहीत, म्हणून भाषांतर करणाऱ्यानं शब्दकोश न बघता चित्र बघायचं : पडलं कोण, केवढं, एकदा की सारखं? एकदा असेल तर धपकन, सारखं असेल तर धपाधप. हे आवाज 'शुद्ध' मराठीनं कधी जपले नाहीत. ते विहिरीवर, धुण्याच्या दगडावर, हलगीच्या कातड्यावर टिकले. व्याकरणाच्या पुस्तकात त्यांना अनुकरणवाचक म्हणून दोन ओळींत आटोपतात. पण चित्रपुस्तकात तेच मुख्य मजकूर असतात, आणि तिथं आपल्या आयांची मराठी पुस्तकी मराठीच्या पुढे आहे.

मर्यादा मात्र ओळखा. चित्र बदलत नाही. पानावर व्हायोलिन असेल तर तिथं हलगीचा ठेका घालता येणार नाही, मुलं लगेच बोट ठेवतात. आणि जिथं आवाज रंगीत अक्षरांत चित्रातच रेखाटलेला असतो, तिथं फक्त काळा मजकूर बदलून भागत नाही. ती अक्षरं नव्यानं काढावी लागतात, आणि आपल्या वेलांट्या-उकारांना वर-खाली जागा लागते. प्रकाशक हा खर्च टाळतो, आणि मराठी पानावर रोमन 'प्लूफ' तसाच राहतो.

परीक्षा एकच. मोठ्यानं वाचा. दुसऱ्या वाचनाला पोरं आवाज तुमच्या आधी म्हणाली तर जमलं. तुम्हाला थांबून अर्थ सांगावा लागला तर ते पान पुन्हा लिहा.

नाव कोण ठेवतो, याला आम्ही किरकोळ समजत नाही. आपल्या शहराजवळच्या डोंगराला तिथल्या शिलालेखांत 'तिरण्हु' म्हटलंय, आपण त्रिरश्मी म्हणतो. बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली ती लेणी, आणि लोकांच्या तोंडी बसलं 'पांडवलेणी'. लेणी तीच राहिली, फक्त नाव बदललं, आणि पिढ्यान्‌पिढ्या पोरांना तिथं पांडव दिसत राहिले. पुस्तकातही असंच होतं. म्हणून फ्रेंच येणाऱ्या आपल्या मुलामुलींनो, हे काम दुसऱ्यावर सोडू नका. शब्द आपल्या घरात आहेत.

जय भीम!