पाहुण्याला वेळ विचारण्याआधी

पॉडकास्टच्या पाहुण्याला गेलेल्या पहिल्या निरोपात बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो, ‘तुम्हाला कधी जमेल?’ विचारणाऱ्याला ती अदब वाटते. प्रत्यक्षात सगळं काम पाहुण्याच्या गळ्यात पडतं. किती वेळ मोकळा ठेवायचा, मोबाइल चालेल की लॅपटॉप लागेल, घरून बोलायचं की कुठे जायचं, हे ठाऊक नसताना माणूस वेळ सांगणार तरी कशी? मग ‘बघून कळवते’ असं उत्तर येतं आणि आठवडे उलटतात. वेळ पाहुण्यानेच निवडावी, पण निवडायला लागणारं सगळं त्याच निरोपात आपण द्यावं, असं माझं ठाम मत आहे.

समजा, इंग्लंडमध्ये लीड्सला राहणाऱ्या एका मराठी परिचारिकेला २०२६च्या ऑक्टोबरअखेर बोलवायचं आहे. तिची ड्यूटी फिरती, बारा-बारा तासांची. म्हणून आधी तिचा त्या आठवड्यांचा रोटा लागला आहे का, एवढंच विचारावं. तो कळला की सुट्टीच्या दिवसांतल्या तीन वेळा लिहून पाठवाव्यात :

‘ताई, शनिवार २४ ऑक्टोबर, तुमच्याकडे दुपारी दीड, भारतात संध्याकाळी सहा. बुधवार २८ ऑक्टोबर, तुमच्याकडे सकाळी दहा, भारतात दुपारी साडेतीन. किंवा शनिवार ३१ ऑक्टोबर, तुमच्याकडे दुपारी साडेबारा, भारतात संध्याकाळी सहा. यातली सोयीची वेळ कळवा. एकही जमत नसेल तर तसं सांगा, मी दुसऱ्या तीन पाठवते.’

दोन्ही शनिवारी भारतात सहाच वाजलेले आहेत, पण लीड्समध्ये एकदा दीड आणि एकदा साडेबारा. ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे २०२६मध्ये २५ तारखेला, घड्याळं एक तास मागे जातात आणि आपल्यातलं अंतर साडेचार तासांवरून साडेपाच होतं. अमेरिकेत हाच बदल नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. म्हणून प्रत्येक वेळ दोन्हीकडच्या घड्याळांनुसार लिहावी, पाहुण्याची आधी.

कालावधी सांगताना भाग किती मिनिटांचा होणार हे सांगून भागत नाही, पाहुण्याचा किती वेळ जाणार ते सांगावं. चाळीस मिनिटांच्या भागासाठी मी सव्वा तास मागते. दहा मिनिटं जोडणी आणि माइक, पन्नासेक मिनिटं गप्पा, उरलेला वेळ फाइल चढायला. चाळीसच मिनिटं मागितली तर पस्तिसाव्या मिनिटाला पाहुणीची नजर घड्याळाकडे जाते, आणि नेमकी तेव्हाच ती मोकळी होऊ लागलेली असते. मात्र सव्वा तास म्हटला की सव्वा तासाला थांबायचं.

प्लॅटफॉर्मचं नावही निरोपातच हवं, कारण त्यावर तिची तयारी ठरते. झूमवर सहसा नेटवरून आपल्यापर्यंत पोचलेला आवाज नोंदला जातो, त्यामुळे नेट अडखळलं की शब्दही तुटतात. रिव्हरसाइड किंवा झेनकास्टर यांत प्रत्येकाचा आवाज त्याच्याच यंत्रावर नोंदला जातो आणि तिथून वर चढतो. मध्ये जोडणी डळमळली तरी मूळ नोंद स्वच्छ राहते. पण संपूर्ण फाइल चढेपर्यंत तो टॅब बंद करायचा नसतो. तासभराचा न दाबलेला आवाज साडेतीनशे एमबीच्या आसपास भरतो, व्हिडिओ असेल तर कितीतरी जास्त. ड्यूटीला निघायच्या घाईत लॅपटॉप मिटणाऱ्या पाहुणीला हे आधीच सांगायला हवं. रुग्णालयाने दिलेला लॅपटॉप नको, घरचा हवा, हेही सांगावं. कार्यालयीन यंत्रांवर माइकची परवानगी अनेकदा बंद असते.

आता चाचणी. ती रेकॉर्डिंगच्या दोन-तीन दिवस आधी, दहा मिनिटांची, पण त्याच खोलीत, त्याच लॅपटॉपवर, त्याच इअरफोनने. ‘ऐकू येतंय का?’ ‘येतंय’ यावर ती संपवू नये. मिनिटभर तिला काहीही बोलायला सांगावं, रेकॉर्डिंग थांबवावं, फाइल उतरवून हेडफोनवर ऐकावी. संभाषणात गोड वाटलेला आवाज फाइलमध्ये वेगळाच निघतो.

आवाज टेलिफोनसारखा दबका आला तर बहुधा ब्लूटूथ हेडसेट असतो. त्याचा माइक सुरू झाला की तो अनेकदा कॉलच्या हलक्या प्रतीवर उतरतो. वायरचा साधा इअरफोन त्यापेक्षा बरा. तिच्या नोंदीत माझाही आवाज असेल तर तिचा स्पीकर चालू आहे. सगळ्यात फसवी चूक माइकच्या निवडीची. कानात वायर असते, पण ब्राउझर लॅपटॉपचाच माइक वापरत असतो. यासाठी मी पाहुण्याला इअरफोनच्या माइकवर बोटाने हलकेच टकटक करायला सांगते. फाइलमध्ये ठोका ठसठशीत आला नाही, तर माइक दुसराच आहे. स्वयंपाकघरात आवाज घुमत असेल तर गालिचा आणि पडदे असलेल्या खोलीत बसून लगेच पुन्हा मिनिटभर नोंदवावं.

शेजारी त्या दिवशी भिंतीला ड्रिल लावणार का किंवा ब्राउझरची फाइल बिघडणार का, हे चाचणीत कळत नाही. फाइलसाठी निरोपात आणखी एक वाक्य घालते : मोबाइल चार्ज करून, फ्लाइट मोडवर टाकून, त्याचा व्हॉइस रेकॉर्डर सुरू करून तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा. ब्राउझरची फाइल बिघडली तर तीच नोंद वापरता येते. ड्रिल सुरूच राहिलं तर मात्र उरलेल्या दोन वेळांपैकी एक घ्यावी, म्हणून त्या दोन्ही मी रेकॉर्डिंग पार पडेपर्यंत माझ्या कॅलेंडरवर राखून ठेवते.